एकटं डी प्यादं: "मोहरे काटत जा" हे आलं कुठून

आपल्याकडे तालुक्याच्या बुद्धिबळ स्पर्धेत, मग ती वरुडला असो का पुसदला, पोट्ट्यांना एक गोष्ट पाठ असते की समोरच्याचं डी प्यादं एकटं पडलं तं भराभरा मोहरे काटायचे, प्यादं आपोआप पडते. दिव्या देशमुख नागपूरची पोरगी २०२५ मधी महिला वर्ल्ड कप जिंकून आली तेव्हापासून तं गावोगावी पट निघाले, अन् त्याच्यासोबत हा नियमही फिरून राहिला. नियम खोटा नाही, पण अर्धा आहे, अन् राहिलेला अर्धा भाग जुन्या डावांमधी सापडते.

एकटं म्हणजे पांढऱ्याचं प्यादं डी४ वर, अन् सी आणि ई पट्टीवर त्याचं दुसरं प्यादं नाही. मग त्याला राखायचं तं मोहऱ्यांनीच, अन् त्याच्यासमोरच्या डी५ घरावर काळ्यानं घोडा बसवला तं त्याला हाकलायला प्यादं नाही. पण बदल्यात पांढऱ्याला जागा मिळते, ई५ वर घोडा बसते, उंट मोकळे होतात. जुन्या जमान्यातला मास्टर टाराश, त्याला ही मोकळीक एवढी आवडे की काळ्यानं स्वतःचं प्यादं मुद्दाम असं एकटं पडू द्यायचा त्याचा बचाव आजही त्याच्याच नावानं खेळतात. त्याचा विरोधक मास्टर निम्झोविच, त्यानं १९२५ च्या पुस्तकात जोर दिला तो ते प्यादं समोरून अडवण्यावर. भांडण दोघांचं जुनंच होतं.

खरी गंमत झाली नॉटिंगहॅमला, १९३६ मधी. एकाच स्पर्धेत विदमार या प्याद्याच्या दोन्ही बाजूंनी हरला. फ्लोरसमोर एकटं प्यादं विदमारचं होतं, मोहरे कटत कटत डाव हत्तींच्या एंडिंगला गेला अन् तिथं ते प्यादं ओझंच ठरलं. हा डाव पाहिला की वाटते, नियम बरोबर आहे.

पण बोत्विन्निकसमोर विदमार काळा होता अन् एकटं प्यादं बोत्विन्निकचं. इथं विदमारनं अदलाबदल केली नाही असं नाही, केली की. १५ व्या चालीला त्यानं उंट डी५ वर आणला, बोत्विन्निकनं घोड्यानं तो मारला. आता परत मारायला काळ्याचे दोन घोडे होते, एक बी४ वर अन् एक एफ६ वर. विदमारनं बी४ च्या घोड्यानं मारलं. एफ६ च्यानं मारलं असतं तं ई७ चा काळा उंट अन् जी५ चा पांढरा उंट समोरासमोर आले असते, म्हणजे बोत्विन्निकला एक तं तो काटू द्यावा लागला असता नाही तं मागे न्यावा लागला असता. ते झालं नाही. काळ्याचा ई६ राखणारा उंट गेला, अन् पांढऱ्याचे हल्ल्याचे सगळे मोहरे, दोन्ही उंट, ई५ चा घोडा, वजीर, हत्ती, जागच्या जागी. मग एफ४, एफ५, पट्टी उघडली, २० व्या चालीला घोड्यानं एफ७ मारलं अन् २४ व्या चालीनंतर विदमारनं डाव सोडला. जोडी कटली, फायदा मात्र पांढऱ्याचा!

आता १९८१, मेरानो, कॉर्चनोई-कार्पोव वर्ल्ड चॅम्पियनशिप मॅचचा नववा डाव. कार्पोव काळा. ११ व्या चालीला त्यानं एफ६ चा घोडा एच५ ला नेला, पोट्टे म्हणतील कडेला काहून नेला बे, पण तो सरकताच ई७ अन् एच४ चे उंट समोरासमोर आले अन् कटले, म्हणजे विदमारनं जे सोडलं तेच. मग घोड्यावर घोडा, मग ई५ वर बसलेल्या पांढऱ्या घोड्यावर उंट. तीन जोड्या गेल्या अन् त्यात हल्ला करणारे सगळे गेले. उरला पांढऱ्याचा एक उंट अन् काळ्याचा एक घोडा, तो बसला डी५ वर. २७ व्या चालीला कॉर्चनोईनं स्वतःच उंट देऊन तो घोडा काटला, मला तं ही चाल कार्पोवला मदतच वाटते.

कारण मग दोघांकडे वजीर अन् दोन-दोन हत्तीच राहिले, अन् कार्पोवनं ते काटले नाहीत. डी पट्टीवर हत्ती रचले, पांढऱ्याचे सगळे डी४ राखण्यात अडकले. काळ्याच्या ई प्याद्याचा ई५ वर धक्का लागू नये म्हणून कॉर्चनोईनं एफ४ केलं, त्यानं त्याचा राजाच उघडा पडला. ३५ व्या चालीला तरी ई५ आलंच. कॉर्चनोईनं एफ प्याद्यानं ते मारल्यावर काळ्याचा हत्ती ई५ वर आला, अन् डी४ च्या प्याद्यानं तो मारला तं डी पट्टी उघडून मागचा डी२ वरचा हत्ती जाते. ४३ व्या चालीला खलास.

म्हणून घोडे-उंट काटायचे, पण हत्ती-वजीर लवकर काटले तं प्यादं घेणार कोण? सगळंच साफ करून नुसते राजे अन् प्यादी उरली तं पांढऱ्याचा राजा येऊन डी४ आरामात राखते, बरेचदा डाव बरोबरीत जाते. अन् ज्याच्याकडे एकटं प्यादं आहे त्यानं ई५ चा घोडा अन् बी३ चा उंट जपायचा, अन् समोरच्याची डी५ वरची पकड ज्या चालीला सैल दिसली त्याच चालीला डी५ ढकलायचं. प्यादं बदललं गेलं की एकटेपण संपलं, मग अदलाबदलीचा सगळा हिशेब नव्यानं मांडावा लागते.