एकूण परतावा निर्देशांक आणि किंमत निर्देशांक

शेअर बाजाराचा एकच निर्देशांक दोन प्रकारे मोजता येतो. किंमत निर्देशांक फक्त शेअरच्या भावातली चढउतार टिपतो. एकूण परतावा निर्देशांक (टोटल रिटर्न इंडेक्स, बोलण्यात 'टीआरआय') त्याच शेअरवर मिळालेला लाभांशही हिशेबात घेतो, आणि मिळालेली रक्कम लगेच त्याच निर्देशांकात पुन्हा गुंतवली असे धरतो. वर्तमानपत्रात रोज छापून येणारा निफ्टी आणि सेन्सेक्स हे दोन्ही किंमत निर्देशांक आहेत. किंमत निर्देशांक आणि टीआरआय यांचा नेमका संबंध काय, हे या नोंदीत निफ्टी ५० च्या उदाहरणाने पाहू.

लाभांश निर्देशांकातून कसा निसटतो

कंपनी लाभांश जाहीर करते तेव्हा एक 'एक्स-डेट' ठरते. त्या दिवशी किंवा त्यानंतर शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही, म्हणून शेअरचा भाव त्या दिवशी साधारण लाभांशाएवढा खाली उघडतो. गुंतवणूकदाराचे यात नुकसान नाही. भावातून गेलेले पैसे पुढे त्याच्या बँक खात्यात येतात. किंमत निर्देशांकाला मात्र फक्त भाव दिसतो, खाते दिसत नाही. शेअरचे विभाजन झाले किंवा बोनस शेअर दिले गेले, तर निर्देशांकात तशी दुरुस्ती केली जाते. नेहमीच्या लाभांशासाठी ती होत नाही, त्यामुळे घट तशीच राहते.

समजा निफ्टी २०,००० वर आहे. त्यातल्या एका कंपनीचा भार ४ टक्के आहे, शेअरचा भाव ४०० रुपये आहे आणि लाभांश शेअरमागे ४ रुपये आहे. भावाच्या तुलनेत हा लाभांश १ टक्का झाला. भार ४ टक्के असल्याने निर्देशांकाच्या हिशेबात तो ०.०४ टक्के, म्हणजे ८ अंक. बाजारात दुसरे काहीही घडले नाही, तरी निफ्टी त्या दिवशी ८ अंकांनी खाली दिसेल. वर्षभराचा लाभांश निर्देशांकाच्या १.३ टक्के धरला, तर २०,००० च्या पातळीवर असे सुमारे २६० अंक दरसाल झिरपून जातात. भारतीय कंपन्यांचे अंतिम लाभांश वार्षिक निकालांनंतर येतात. त्यामुळे ही झिरप जून ते ऑगस्टमध्ये सर्वाधिक असते, आणि त्या महिन्यांत निफ्टीचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, नेहमीपेक्षा स्वस्त दिसण्याचे एक कारण हेच असते.

टीआरआयची मोजणी

```
आजचा टीआरआय = कालचा टीआरआय × (आजचा निफ्टी + लाभांशाचे अंक) ÷ कालचा निफ्टी
```

काल निफ्टी २०,००० आणि टीआरआय २९,००० होता असे धरू. आज निफ्टी २०,१०० वर बंद झाला आणि वरच्या कंपनीचे ८ अंक लाभांशापोटी आले. मग टीआरआय २९,००० × २०,१०८ ÷ २०,०००, म्हणजे २९,१५६.६ होतो. लाभांश नसता तर तो २९,१४५ झाला असता. फरक ११.६ अंकांचा आहे, लाभांश मात्र ८ अंकांचाच होता.

वरचे ३.६ अंक कुठून आले, हे कळले की विषयाचा गाभा हाती लागतो. कालच्या टीआरआयला कालच्या निफ्टीने भागले तर १.४५ येतात. हा भागाकार म्हणजे निफ्टीतल्या शेअरच्या एका टोपलीने सुरुवात करून लाभांशातून आजवर आपल्याकडे किती टोपल्या जमल्या, ती संख्या. एका टोपलीवर ८ अंक मिळतात, तर १.४५ टोपल्यांवर ११.६ मिळणारच. आणि ते ११.६ अंक आजच्या भावाने पुन्हा गुंतवल्यावर टोपल्यांची संख्या १.४५०६ होते. रोजचा बदल नजरेत न भरण्याइतका बारीक असतो, पण हा आकडा फक्त वाढतो, कधी कमी होत नाही. बाजार कोसळला तरी टोपल्या तितक्याच राहतात. उलट पडलेल्या भावात त्याच लाभांशातून जास्त टोपल्या येतात.

दीर्घ काळात काय होते

३० जून १९९९ रोजी निफ्टी ५० सुमारे १,१८८ होता आणि त्याचा टीआरआय १,२५६ च्या आसपास. २९ डिसेंबर २०२३ रोजी निफ्टी २१,७३१ वर बंद झाला, तर टीआरआय सुमारे ३१,९०० होता. या साडेचोवीस वर्षांत किंमत निर्देशांकाने १ लाख रुपयांचे १८.३ लाख केले आणि टीआरआयने सुमारे २५.४ लाख. दरसाल चक्रवाढीने हा परतावा १२.६ टक्के आणि सुमारे १४.१ टक्के येतो. वर्षाला दीड टक्क्याच्या आतबाहेरचा फरक आहे, पण शेवटी रकमेत सात लाखांची तफावत पडली.

हे सात लाख म्हणजे निव्वळ लाभांश नव्हेत. कोणी तोच लाभांश दरवर्षी काढून खर्च केला असता तर किती मिळाला असता, याचा ढोबळ हिशेब करता येतो. निर्देशांक दरवर्षी सारख्याच गतीने वाढला आणि लाभांश दरसाल १.३५ टक्के होता असे धरले, तर १ लाखाच्या मूळ टोपलीवर साऱ्या काळात जेमतेम २ लाखांचा लाभांश हाती येतो. उरलेले पाच लाखांच्या आसपास हे त्या लाभांशातून घेतलेल्या शेअरच्या भाववाढीचे आणि त्या शेअरवर पुन्हा मिळालेल्या लाभांशाचे आहेत. म्हणूनच निर्देशांकाचा परतावा काढून त्यात शेवटी एकूण लाभांश मिळवून टाकण्याची रीत दीर्घ काळासाठी चुकीची ठरते. दोनचार वर्षांत ती चूक किरकोळ असते, पंचवीस वर्षांत ती मूळ लाभांशाहून मोठी होते.

बाजार जागच्या जागी राहतो तेव्हा लाभांशाचे काम वेगळ्या रीतीने दिसते. ८ जानेवारी २००८ रोजी निफ्टी ६,२८८ वर बंद झाला होता आणि २०१३ च्या अखेरीस तो ६,३०४ होता. मध्ये निम्म्याहून अधिक कोसळून तो परत वर आला. किंमत निर्देशांक पाहणाऱ्याला सहा वर्षांत काहीच मिळाले नाही असे वाटते. दरसाल सव्वा टक्का लाभांश धरला, तरी टीआरआयच्या हिशेबाने सात-आठ टक्के मिळाले. ही काही फुशारकी मारण्याजोगी कमाई नव्हे, महागाईने ती केव्हाच खाल्ली. पण त्या काळात जी काही कमाई झाली ती जवळपास सगळी लाभांशातूनच आली.

तुलनेतल्या चुका

सर्वांत जुनी चूक म्युच्युअल फंडांच्या जाहिरातीतली. फंडाकडे येणारा लाभांश त्याच्या एनएव्हीत, म्हणजे एका युनिटच्या मूल्यात, जमा होतो. त्यामुळे पैसे बाहेर न देणाऱ्या ग्रोथ पर्यायाची एनएव्ही हा मुळातच एकूण परतावा असतो. त्याची तुलना मात्र किंमत निर्देशांकाशी केली जात असे. समजा फंडाने दरसाल १४.५ टक्के दिले, किंमत निर्देशांकाने १३.५ आणि त्याच निर्देशांकाच्या टीआरआयने १४.८. जाहिरातीत फंडाने बाजाराला एका टक्क्याने हरवलेले दिसते. खरे तर तो मागे पडलेला असतो. सेबीने ४ जानेवारी २०१८ च्या परिपत्रकाने १ फेब्रुवारी २०१८ पासून सर्व योजनांची तुलना टीआरआयशी करणे बंधनकारक केले. जुन्या काळाचा टीआरआय उपलब्ध नसेल तर तेवढ्या काळापुरता किंमत निर्देशांक जोडण्याची मुभा त्यात आहे. त्यामुळे फार जुन्या योजनेचा 'सुरुवातीपासूनचा' आकडा पाहताना तळटीप वाचावी.

उलट दिशेची चूकही होते. फंडाच्या आयडीसीडब्ल्यू पर्यायात पैसे वेळोवेळी बाहेर दिले जातात आणि तेवढी एनएव्ही उतरते. ती एनएव्ही टीआरआयशी ताडली तर चांगला फंडही वाईट दिसतो.

घरी हिशेब करणाऱ्यांची गफलत बहुधा माहितीच्या स्रोतात असते. याहू फायनान्सवर `^NSEI` या चिन्हाखाली मिळणारा आकडा किंमत निर्देशांकाचा आहे. तिथे `Adj Close` हा रकाना असतो, पण निर्देशांकाच्या बाबतीत तो `Close` इतकाच असतो, त्यात लाभांश मिसळलेला नसतो. शेअरच्या बाबतीत मात्र हाच रकाना लाभांशासाठी दुरुस्त केलेला असतो. साहजिकच शेअर आणि निर्देशांक शेजारी मांडले की शेअरला आयता फायदा मिळतो. निफ्टीचा टीआरआय `niftyindices.com` वर ऐतिहासिक माहितीच्या विभागात वेगळा निवडावा लागतो, तो तिथूनच घ्यावा. आपण घेतलेली मालिका कोणती हे ओळखायचे असेल, तर त्याच दिवसाचा वर्तमानपत्रातला निफ्टी पाहावा. आकडा जुळला तर ती किंमत मालिका. टीआरआय आता त्याच्या जवळपास दीडपट असतो.

परदेशी निर्देशांकांशी तुलना करताना जर्मनीचा डॅक्स अपवाद म्हणून लक्षात ठेवावा. बातम्यांत येणारा डॅक्स हा एकूण परतावा निर्देशांक आहे. अमेरिकेचा एस अँड पी ५०० आणि जपानचा निक्केई मात्र निफ्टीसारखेच, भावापुरते.

टीआरआयच्या मर्यादा

टीआरआय एक्स-डेटलाच पैसे गुंतवले असे धरतो. प्रत्यक्षात लाभांश जाहीर झाल्यापासून तो देण्यासाठी कंपनीला कायद्याने ३० दिवस मिळतात, त्यामुळे इंडेक्स फंडाकडे पैसे उशिरा पोचतात. चढत्या बाजारात हा उशीर फंडाला टीआरआयच्या किंचित मागे ठेवतो. दलाली आणि फंडाचा खर्च टीआरआयमध्ये नसतो, तो वेगळाच.

कराचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तो मालिकेच्या मधोमध बदलतो. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांश वितरण कर मुख्यतः कंपनी भरत असे, आणि जाहीर झालेला लाभांश बहुतेक गुंतवणूकदारांना जवळपास करमुक्त मिळे. १ एप्रिल २०२० पासून तो गुंतवणूकदाराच्या उत्पन्नात धरला जातो. टीआरआय दोन्ही काळांत जाहीर लाभांशच घेतो. म्हणून स्वतः शेअर बाळगणाऱ्या आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या व्यक्तीला आता १.३ टक्क्यांपैकी ०.९ टक्क्याच्या आसपासच गुंतवायला उरतात, आणि तिच्या टोपल्या टीआरआयपेक्षा सावकाश वाढतात. म्युच्युअल फंडाचे लाभांश उत्पन्न करमुक्त असल्याने इंडेक्स फंडाचा ग्रोथ पर्याय घेणाऱ्याला ही वजावट लागत नाही. त्याला कर लागतो तो युनिट विकताना.