‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला का लागू पडत नाही

प्रवेश परीक्षा महिन्याभरावर आली की घरचे, शिक्षक, मित्र सगळे एकच सांगतात, “टेन्शन घेऊ नकोस.” सांगणाऱ्याची तळमळ खरी असते, पण ऐकणाऱ्याचा ताण त्याने हलतसुद्धा नाही. हा सल्ला मनातल्या चुकीच्या प्रश्नाला उत्तर देतो, म्हणून असं होतं.

रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये तणावाची जी मांडणी केली, तिच्यानुसार ताण परीक्षेत नसतो आणि विद्यार्थ्याच्या स्वभावातही नसतो. मन दोन प्रश्नांची उत्तरं शोधत असतं, त्यातून तो तयार होतो. पहिला प्रश्न असा, की या गोष्टीत माझं काय पणाला लागलं आहे? याला प्राथमिक मूल्यमापन म्हणतात. दुसरा प्रश्न असा, की याबाबत मला काय करता येईल? हे दुय्यम मूल्यमापन. नावावरून दुसरं कमी महत्त्वाचं वाटेल, पण तसं नाही. दोन्ही जवळजवळ एकाच वेळी चालू असतात आणि एकमेकांवर परिणाम करतात. पुष्कळ काही पणाला लागलंय आणि हाताशी उपाय आहेत असं वाटलं, तर परीक्षा आव्हान वाटते. पणाला तेवढंच लागलंय, पण उपाय सुचत नाही, तेव्हा तीच परीक्षा धोका वाटते.

‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणारा पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदलायला बघतो. “एवढं काही महत्त्वाचं नाही रे,” असं तो सुचवतो. पण जागा थोड्या आणि उमेदवार फार, हे विद्यार्थ्याला पक्कं ठाऊक असतं. पणाला खूप लागलंय हे त्याचं मूल्यमापन बरोबरच असतं. बरोबर असलेलं उत्तर खोडायला गेलं की त्याला एवढंच वाटतं, यांना माझी अडचण कळलेली नाही. जे हलवता येतं ते दुसरं उत्तर.

इथे प्रवेश परीक्षांची एक खास अडचण आहे. निकाल पर्सेंटाइल किंवा रँकवर लागतो, म्हणजे तो इतरांच्या कामगिरीवरही अवलंबून असतो. ‘माझी रँक किती येईल?’ असं विचारलं की ‘मला काय करता येईल?’ या प्रश्नाला उत्तरच उरत नाही, कारण इतरांचे गुण कुणाच्याच हातात नसतात. त्यामुळे दुय्यम मूल्यमापन सुधारायचं तर आधी प्रश्न रँकवरून स्वतःच्या उत्तरपत्रिकेवर आणावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. तीन तासांचा, शंभर प्रश्नांचा सराव पेपर. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. एका विद्यार्थिनीने ७२ प्रश्न सोडवले, त्यातले ४८ बरोबर आले आणि २४ चुकले. गुण १९२ वजा २४, म्हणजे १६८. तिच्या मनात वाक्य येतं, “माझं काही होणार नाही.” हेही दुय्यम मूल्यमापनच आहे, पण इतकं ढोबळ की त्यातून पुढची कृती निघत नाही.

आता तिने ते २४ चुकलेले प्रश्न एकेक करून पुन्हा पाहिले. ९ प्रश्नांतली संकल्पनाच तिला आली नव्हती. ८ प्रश्न येत होते, पण आकडेमोड किंवा प्रश्न वाचण्यात चूक झाली. उरलेले ७ शेवटच्या पंधरा मिनिटांत घाईघाईने ठोकून दिलेले. न सोडवलेल्या २८ प्रश्नांपैकी ११ पर्यंत ती पोहोचलीच नव्हती. कारणही सापडलं: चार प्रश्नांवर तिने प्रत्येकी सात मिनिटं घालवली होती. दर प्रश्नाला सरासरी १.८ मिनिटं मिळतात हे धरलं, तर त्या चारांवर जवळपास २१ मिनिटं जादा गेली. तेवढ्यात साडेअकरा प्रश्न होतात.

प्रत्येक गटाची किंमत वेगळी आहे. येत असून चुकलेला प्रश्न सुधारला तर वजा १ चे ४ होतात, म्हणजे ५ गुणांचा फरक. असे आठांपैकी चार सुधारले तरी २० गुण. घाईत ठोकलेले सात नुसते सोडून दिले असते तर फक्त ७ गुण वाचले असते. म्हणजे पुढच्या आठवड्याचं काम ठरलं: आकडेमोड लिहून करणं, प्रश्नात नेमकं काय विचारलंय त्याखाली रेघ ओढणं, आणि तीन मिनिटांत वाट दिसली नाही तर खूण करून पुढे जाणं. पणाला लागलेलं तसूभरही कमी झालेलं नाही. बदललंय ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. याला पुनर्मूल्यमापन म्हणतात. ते एकदा करून संपत नाही, प्रत्येक सराव पेपरनंतर पुन्हा करावं लागतं.

इथे एक फसगत होते. धोका वाटू लागला की विद्यार्थी नवं पुस्तक, नव्या नोट्स, नवी व्हिडिओमालिका सुरू करतो. दिसायला ही मेहनतच, पण चुकांची वही मात्र उघडलेली नसते. असं वागणं म्हणजे टाळाटाळ. ओळखण्याची खूण सोपी: आजच्या अभ्यासाने गेल्या पेपरातली कोणती चूक दुरुस्त होणार, हे सांगता येत नसेल तर तो अभ्यास चिंतेला दिलेली गुंगी आहे.

‘थोडा ताण हवाच’ हे ठसवायला बऱ्याच भाषणांत ताण वाढला की कामगिरी आधी वाढते आणि मग घसरते असं सांगणारा, उलट्या यू आकाराचा आलेख दाखवतात. त्यामागचा यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांचा १९०८ चा प्रयोग उंदरांवरचा होता. विजेचे झटके देऊन त्यांना दोन पेट्यांतला फरक ओळखायला शिकवलं होतं. त्यावरून विद्यार्थ्याला किती दटावावं हे ठरवणं विज्ञानाला धरून नाही. मंतरलेला पेन आणि स्मरणशक्तीच्या गोळ्या यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

परीक्षेच्या सकाळी वाढलेल्या धडधडीचंही मन असंच मूल्यमापन करतं: ही धोक्याची खूण, की मदतीची? मानसशास्त्रज्ञ जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना सराव पेपरआधी एवढंच सांगितलं, की अशी उत्तेजना कामगिरीला मदत करू शकते. त्यांना गणिताच्या भागात इतरांपेक्षा जास्त गुण मिळाले. त्यांना शांत बसवलं नव्हतं. फक्त धडधडीचा अर्थ बदलला होता. मात्र अर्थ बदलल्याने न केलेला अभ्यास भरून निघत नाही. आणि कित्येक दिवस झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर हे उपाय पुरे पडणार नाहीत. तेव्हा वेळ न दवडता डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं.

पेपर झाला की गणित उलटतं. फोकमन आणि लॅझरस यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच गटातल्या विद्यार्थ्यांना परीक्षेआधी, निकालाची वाट पाहताना आणि निकालानंतर असं तीनदा विचारलं, की ते ताणाला कसे सामोरे जात आहेत. परीक्षेआधी समस्येवर थेट काम करण्याचा कल जास्त होता. वाट पाहताना तो उतरला आणि मन त्या विषयापासून दूर नेण्याचं प्रमाण वाढलं. हे शहाणपणाचंच आहे. जिथे काही बदलता येतं तिथे काम करावं, जिथे येत नाही तिथे भावना सांभाळावी. पेपरनंतर रात्रभर मित्रांशी उत्तरं ताडून पाहिल्याने एकही गुण वाढत नाही. उत्तरसूचीवर हरकत घ्यायची सोय असेल तर तेवढं मात्र अजून हातात असतं: सूची आली की एकदा बसून शांतपणे ताडावी, शंका असलेल्या प्रश्नांचे पुरावे जोडावेत, मुदतीच्या आत हरकत नोंदवावी आणि मग ती फाइल बंद करावी.