खंडेनवमीनंतरचे दहा मिलिमीटर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका शॉपमध्ये दसऱ्यानंतर सीएनसी मशीन चालू केलं, तर पहिल्याच जॉबची सगळी भोकं 10 मिलिमीटर सरकलेली. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर सगळं जागेवर. ‘खंडेनवमीला लिंबू कापायचं राहिलं’ असा निकाल लागला. मला मात्र खटकलं ते ‘बरोबर 10’. नऊ नाही, अकरा नाही. त्या मशीनचं टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूची पिचही 10 मिलिमीटरच होती, म्हणजे सर्व्हो मोटरचा नेमका एक फेरा.

मोटरच्या मागे तिचं फिरणं मोजणारा इन्क्रिमेंटल एनकोडर होता. त्यातल्या चकतीवर 2500 रेघा असतात आणि त्या वाचणारे दोन सेन्सर पाव रेघेच्या अंतराने बसवलेले असतात. कोणता सेन्सर आधी बदलला यावरून दिशा कळते. प्रत्येक रेघेमागे चार बदल मिळतात, म्हणून एका फेऱ्याला 10,000 मोजण्या होतात. एक मोजणी म्हणजे 1 मायक्रॉन. पण हा नुसता मोजतो. वीज गेली की आकडा पुसला जातो, आणि परत आल्यावर टेबल कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून होमिंग. टेबल होम स्विचकडे जातं, स्विच दाबला की वेग कमी होतो, आणि स्विच सुटल्यानंतर एनकोडरकडून येणारा पहिला झेड पल्स म्हणजे शून्य. स्विच रोज एक-दोन दशांश मिलिमीटर इकडेतिकडे सुटला तरी बिघडत नाही, कारण फेऱ्यात एकदाच येणारा झेड पल्स त्याच मोजणीवर येतो. गोम इथेच आहे. स्विच सुटण्याची जागा झेड पल्सला अगदी चिकटून असेल, तर कधी स्विच आधी सुटतो आणि तोच पल्स पकडला जातो. कधी क्षणभर उशीर होतो आणि पुढच्या फेऱ्याचा पकडला जातो. शून्यच एक पिच सरकतं!

खात्री करायची असेल, तर स्विच सुटल्यापासून झेडपर्यंतचं अंतर मोजा. ते शून्याच्या किंवा 10 च्या जवळ आलं, तर रोग हाच. आमचं 0.1 होतं. स्विच दाबणारा डॉग सुमारे 5 मिलिमीटर सरकवला, होम ऑफसेट नव्याने बसवला, आणि लिंबाची गरज संपली.

अॅब्सोल्यूट एनकोडरला रोज हे करावं लागत नाही. चकतीवरच्या प्रत्येक जागेला स्वतःचा कोड असतो. 17 बिटांच्या एनकोडरला एका फेऱ्यात 1,31,072 जागा. फेरे किती झाले हे मात्र अनेक प्रकारांत छोट्या बॅटरीवर लक्षात राहतं. तसा असेल तर बॅटरी ड्राइव्ह चालू ठेवूनच बदला. बंद करून काढलीत, तर फेऱ्यांचा हिशेब जातो आणि शून्य हाताने बसवावं लागतं.

विक्रेता बिटांचे आकडे फेकतो तेव्हा एवढं विचारा: अर्ध्या मीटरचा पोलादी स्क्रू 5 अंशांनी तापला, तर सुमारे 29 मायक्रॉनने लांबतो. मोटरमागची चकती ते कुठून पाहणार?