कूलर विकायचा तर आधी ओलं फडकं दाखवा

मे महिन्यात नागपुरातल्या दुकानात कूलर विकताना बरेच जण टाकीत बर्फ टाकतात आणि गिऱ्हाइकाला समोर उभं करतात. मला हे अजिबात पटत नाही, कारण कूलर चालतो तो पाण्याची वाफ होते म्हणून. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता ओढून घेतं ती एक किलो बर्फ वितळताना लागणाऱ्या उष्णतेच्या साधारण सातपट असते, मग बर्फाचं कौतुक कशाला!

त्यापेक्षा दोन सारखे काचेचे थर्मामीटर घ्या, दोन्ही कोरडे असताना आकडा सारखा येतो का ते आधी बघा, मग एकाच्या फुग्याला मलमलचं फडकं गुंडाळून त्याचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा आणि दोन्हीवर टेबल फॅन लावा. पाणी गच्चीवरच्या टाकीतलंच घ्यायचं, आणि ते गिऱ्हाइकाच्या हातावर ओतून म्हणायचं, "काका, बघा, पाणी गरमच आहे ना? आता हा ओला थर्मामीटर कुठं थांबतो ते तुम्हीच वाचा."

पारा सरसर उतरतो आणि चार-पाच मिनिटांत एका जागी थांबतो. बाहेर ४३ अंश आणि हवेत दमटपणा १५ टक्के असेल तर ओला थर्मामीटर २३ च्या आसपास येतो, म्हणजे फरक २० अंशांचा. कुठलाही साधा कूलर त्या २३ च्या खाली जाऊ शकत नाही, चांगलं भिजलेलं पॅड या फरकाचा ७० ते ८० टक्के भाग मिळवून देतं, म्हणजे १४ ते १६ अंश. तेव्हा बोलायचं, "काका, कूलरमधून २७ ते २९ ची हवा येईल, चला मोजू."

मोजताना एक गडबड हमखास होते. पॅडमधून उडालेले थेंब थर्मामीटरवर बसले की तोही ओला थर्मामीटर होतो आणि खोटाच कमी आकडा दाखवतो, त्यामुळे फुगा पुसून जाळीपासून हातभर लांब धरायचा. आकडा ३३-३४ वरच अडकला तर पॅड उघडून बघा, कुठंतरी कोरडा पट्टा राहिलेला असतो, वरच्या पाइपाची भोकं क्षारानं बुजलेली असतात आणि हवा त्या कोरड्या जागेतून तशीच गरम आत येते.

हाच प्रयोग मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के दमटपणात केला तर ओला थर्मामीटर साडेअठ्ठावीसच्या आसपास थांबतो, कूलरला मिळतात जेमतेम चार अंश आणि वर चिकचिक वाढते. अशा गिऱ्हाइकाला कूलर विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नागपूरकरालाही जुलैत हाच आकडा दाखवा आणि पावसाळ्यात गारवा मिळणार नाही हे पैसे घेण्याआधीच सांगा.

आणि बिल करताना हेही सांगायचं, "काका, कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला बसवा आणि समोरचं दार थोडं उघडं ठेवा, खोली बंद केली तर तीच ओली हवा फिरत राहील आणि तासाभरात घाम सुकायचा बंद होईल."