शब्दांवरची कॉर्डची अक्षरे आणि पेटीचा लांबणारा सूर

सामूहिक भजनाच्या कागदावर शब्दांच्या डोक्यावर सी, एफ, जी अशी अक्षरे लिहिलेली असतात. हार्मोनियमवर बसणारा त्यातून दोन गोष्टी वाचतो: कोणते स्वर एकत्र दाबायचे आणि ते कधी दाबायचे. कोणते ते अक्षर सांगते. कधी ते सांगायला मात्र अक्षराच्या जागेखेरीज कागदावर काहीच नसते. अक्षर एका शब्दाने डावीकडे सरकले की पेटीही एका शब्दाने आधी वाजते. ही पद्धत कुठून आली हे पाहिले, की पेटीवाल्याची इथे इतकी पंचाईत का होते ते समजते.

शब्दांवर कॉर्डचे अक्षर लिहिण्याची कल्पना गिटारची आहे आणि जुनी आहे. १६०६ मध्ये जिरोलामो मोंतेसार्दो याने फ्लॉरेन्सला छापलेल्या पुस्तकात गिटारच्या कॉर्डना वर्णमालेतली अक्षरे दिली. ‘आल्फाबेतो’ नावाने ही पद्धत पुढे इटलीत रुळली आणि गाण्यांच्या पुस्तकांत शब्दांवर किंवा सुरावटीवर ती अक्षरे छापली जाऊ लागली. त्या अक्षरांचा स्वरांच्या नावांशी संबंध नव्हता. तिथला ‘ए’ म्हणजे आजचा जी मेजर आणि तिथला ‘बी’ म्हणजे आजचा सी मेजर. अक्षर बोटांच्या ठेवणीचे नाव होते, स्वराचे नव्हते. पेटीवाल्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे पट्ट्या सरकवून सा बदलणाऱ्या स्केल चेंजरच्या वेळी ती कामाला येते.

आजच्या कागदाचे थेट मूळ विसाव्या शतकातले आहे. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत युकुलेले या गिटारसारख्या छोट्या वाद्याचे वेड पसरले. १९२० च्या दशकात लोकप्रिय गाण्यांच्या छापील स्वरलिपीवर युकुलेलेच्या तारांच्या छोट्या जाळ्या छापल्या जाऊ लागल्या आणि त्यांच्या सोबत कॉर्डची नावेही आली. पुढे ज्यांना चाल आधीच पाठ आहे त्यांच्यासाठीच्या कागदांवरून स्वरलिपी गळाली. खाली शब्द उरले आणि वर अक्षरे. स्वरलिपीबरोबर मात्राही गेल्या. कोणता शब्द कितव्या मात्रेवर पडतो हे आता गाणाऱ्याच्या कानात होते, कागदावर नव्हते.

गिटारवर हे निभावून जाते. छेडलेल्या तारेचा आवाज लगेच उतरू लागतो. कॉर्ड अर्धी मात्रा आधी पडली तरी पुढच्या छेडीपर्यंत ती विरत आलेली असते. पेटीत असे होत नाही. भात्यात हवा आहे आणि बोट पट्टीवर आहे तोवर सूर तेवढ्याच जोराने चालू राहतो. चुकीच्या जागी आलेली कॉर्ड सगळ्यांना ऐकू येते आणि बोट उचलेपर्यंत ऐकू येत राहते. शिवाय गिटारसाठी घडलेल्या या लेखनात ‘इथे बोट उचल’ असे सांगणारी खूण सहसा नसते, कारण गिटारला तिची फारशी गरज पडली नव्हती.

हार्मोनियमचा इतिहास याच्या उलट्या दिशेने गेला. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँने १८४० च्या सुमारास या वाद्याचे पेटंट घेतले तेव्हा भाता पायाने चालत होता आणि दोन्ही हात पट्ट्यांसाठी मोकळे होते. प्रार्थनागीतांना एका वेळी चार स्वरांची साथ देण्यासाठी ते सोयीचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजवता येईल अशी हातभात्याची पेटी घडवली, आणि एक हात कायमचा भात्याकडे गेला. उरलेला हात गाणाऱ्याच्या सुरामागे जाऊ लागला. आपल्या गायनाला हवे होते तेही तेच. म्हणजे कॉर्डसाठी जन्मलेले वाद्य इथे येऊन सुरावटीचे झाले. आता शब्दांवरच्या अक्षरांमुळे कॉर्ड पुन्हा त्याच्यावर आल्या आहेत, पण वाजवायला हात एकच आहे.

याचा अर्थ काय ते एका ओळीवर पाहू. समजा ‘हरि नारायण हरि गोविंद’ अशी ओळ आठ मात्रांच्या केरव्यात म्हणायची आहे. उठाव सातव्या मात्रेवरून आहे. ‘ह’ सातवीवर, ‘रि’ आठवीवर आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘ना’वर. तिसरीवर ‘रा’, पाचवीवर ‘य’, सहावीवर ‘ण’. पुन्हा सातवी-आठवीवर ‘हरि’ आणि दुसरी सम ‘गो’वर. मग तिसरीवर ‘विं’ आणि पाचवीवर ‘द’. पांढरी एक म्हणजे सा धरू. ‘ना’वर ग आहे, दुसऱ्या ‘हरि’वर रे ग, ‘गो’वर म, ‘विं’वर रे आणि ‘द’वर सा. यावर ‘ना’पाशी सी, ‘गो’पाशी एफ, ‘विं’पाशी जी आणि ‘द’पाशी पुन्हा सी अशा कॉर्ड बसतात.

आता हीच एफ कागदावर ‘गो’च्या डोक्यावरून सरकून मागच्या ‘हरि’वर गेली असे समजा. एफ म्हणजे म, ध, सा. ‘रि’ गाताना सगळ्यांच्या गळ्यात ग आहे आणि पेटीत म दाबलेला आहे. शेजारशेजारचे हे दोन स्वर एकमेकांवर घासतात. गाणारे गोंधळून सूर ओढून घेतात आणि पुढच्या आवर्तनात सगळा समूह थोडा वर चढलेला असतो. पेटी बेसूर आहे असा समज होतो, पण दोष कागदाचा असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: कॉर्ड बदलताना खटकले आणि समेवर येताच आपोआप गोड झाले, तर कॉर्ड लवकर पडली आहे.

हे सरकणे योगायोगाने होत नाही, त्यालाही इतिहास आहे. टंकलेखन यंत्रावर प्रत्येक अक्षराला आणि मोकळ्या जागेलाही सारखीच रुंदी मिळत असे. जागा सोडत वरच्या ओळीत अक्षर बरोबर शब्दावर आणता येई. संगणकावरच्या नेहमीच्या फाँटमध्ये मोकळी जागा अक्षरापेक्षा अरुंद असते. वरची ओळ जवळजवळ सगळी मोकळ्या जागेची आणि खालची शब्दांनी भरलेली, त्यामुळे फाँट बदलला की वरची ओळ जास्त आकसते आणि कॉर्ड डावीकडे, म्हणजे लवकरच्या बाजूला सरकतात. ओळीच्या शेवटाकडे हा फरक साठत जातो. देवनागरीत तर काना, वेलांटी आणि जोडाक्षरे यांमुळे सारख्या रुंदीचा हिशेब मुळातच जमत नाही.

यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक साधा उपाय निघाला. मार्टिन लेक्लेर्क आणि मारिओ दोरियाँ यांनी लिहिलेल्या एका प्रोग्रॅममध्ये कॉर्ड वरच्या ओळीत न ठेवता शब्दांच्या आतच चौकटी कंसात, ज्या अक्षरावर ती पडते त्याच्या अगदी आधी लिहायची असे ठरले. छापताना प्रोग्रॅम ती उचलून वर नेतो. पुढे ही रीत कॉर्डप्रो म्हणून ओळखली गेली. आपली ओळ अशी दिसेल:

```
हरि [C]नारायण हरि [F]गो[G]विं[C]द
```

आता फाँट कोणताही असो, एफ ‘गो’ला बांधलेली आहे. देवनागरीत एक पथ्य मात्र पाळावे लागते. कंस नेहमी पूर्ण अक्षराच्या आधी यावा. ‘कृष्ण’मधल्या ‘ष्ण’च्या पोटात कंस घातला तर जोडाक्षर फुटून ष पाय मोडलेला दिसतो. ‘हरि’मध्ये र आणि वेलांटी यांच्यामध्ये कंस पडला तर वेलांटी एकटी पडते आणि तिच्या जागी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. वेलांटी दिसते र च्या आधी, पण साठवली जाते र नंतर. म्हणून ही चूक डोळ्यांना लवकर कळत नाही.

तरीही एक उणीव राहते. जिथे नवे अक्षर नाही तिथे कॉर्ड बदलायची असेल तर तिला बांधायचे कशाला? या बाबतीत आपल्याकडची स्वरलिपी मला जास्त समंजस वाटते. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत प्रत्येक मात्रेला जागा असते, लांबलेला स्वर आडव्या रेघेने आणि लांबलेला शब्द ‘ऽ’ या अवग्रहाने दाखवतात. ‘कधी’ हा प्रश्न तिथे उरतच नाही. तोच अवग्रह उसना घेतला की काम होते. आपल्या ओळीतला शेवटचा ‘द’ पाचवी आणि सहावी अशा दोन मात्रा लांबतो. सहाव्या मात्रेवर एफ घ्यायची आहे, म्हणजे ओळ पुन्हा उचलताना ‘ना’वरच्या सीकडे छान परतता येते. अवग्रहामुळे तिला बसायला जागा मिळते:

```
हरि [C]नारायण हरि [F]गो[G]विं[C]द[F]ऽ
```

मात्रांच्या जागा अशा दाखवल्या की बोट कधी उचलायचे तेही कळते: पुढचे अक्षर किंवा अवग्रह येईपर्यंत.

अक्षर आणखी एक गोष्ट सांगत नाही, ती म्हणजे तीन स्वरांपैकी कोणता वर ठेवायचा. एकाच हातात चाल आणि कॉर्ड दोन्ही असल्याने चालीचा स्वर सगळ्यांत वर हवा, नाहीतर समूहाला चुकीचा सूर ऐकू जातो. ‘ना’वर मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला प, सा आणि वर ग घ्यावा. ‘गो’वर सा तसाच राहतो, प चा ध होतो आणि ग चा म. ‘विं’वर मंद्र प, मंद्र नी आणि वर रे. ‘द’वर प आणि सा एवढे दोनच पुरतात, हवाही वाचते. सगळा बदल बोटभर अंतराचा आहे, पण सी, एफ, जी एवढे वाचून प्रत्येक कॉर्ड तिच्या पहिल्या स्वरापासून वर मांडली तर हात पट्टीवर उड्या मारत राहतो.

गाणाऱ्याची पट्टी बदलली तर? अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या वादकांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॉर्डच्या अक्षरांऐवजी आकडे लिहायला सुरुवात केली. नील मॅथ्यूज यांनी रुजवलेल्या या पद्धतीत सी, एफ, जी म्हणजे १, ४, ५. सा बदलला तरी आकडे तेच राहतात. सा हलवण्याची सवय असलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. स्केल चेंजर असलेल्या पेटीत मात्र अक्षरे बदलावी लागत नाहीत. पट्ट्या सरकतात आणि बोटे जिथल्या तिथे राहतात, अगदी आल्फाबेतोच्या अक्षरांसारखी. सोबत गिटार असेल तर तिला तेवढ्याच पडद्यांवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावायला सांगावे, नाहीतर एकाच कागदावरून दोन वेगळे सूर निघतात.

आणि कुठे अक्षर लिहूच नये हेही ठरवावे लागते. चाल भूप रागातली असेल तर तिच्यात म आणि नी नाहीत. एफमध्ये म आहे आणि जीमध्ये नी. त्या वाजल्या की चालीत नसलेला स्वर पेटीतून अखंड ऐकू येतो आणि भूपाचा रंग जातो. तिथे सी आणि ए मायनर या दोनच कॉर्ड वापराव्यात, कारण त्यांचे सगळे स्वर भूपातले आहेत. मी तर पुढे गाणाऱ्याच्या ओळीवर काहीच लिहीत नाही, फक्त मागून समूह म्हणतो त्या ओळीवर लिहितो. पुढचा गायक हरकत घेतो, स्वर लांबवतो, समेच्या आधी रेंगाळतो. त्याच्याखाली धरून ठेवलेली कॉर्ड त्याला अडवते. त्याच्या ओळीत पेटीने एकेक स्वर घेत त्याच्या मागे जावे आणि समूहाने ओळ उचलली की ‘ना’वर सी धरावी.