तीन प्रात्यक्षिकं, एक प्रयोगशाळा

शाळेचं वेळापत्रक लावताना मूळ अट एकच असते: एका तासाला एक शिक्षक एकाच वर्गावर आणि एका खोलीत एकच वर्ग. संगणकाला ही अट सांगणं सोपं आहे. खरं कसब आहे ते या अटीतून निष्कर्ष काढण्यात.

समजा, दिवसाचे चार तास आहेत आणि प्रयोगशाळा एकच. आठवी, नववी आणि दहावी, तिघांचंही प्रात्यक्षिक आजच व्हायला हवं. आठवी-नववीच्या विज्ञानाच्या बाई फक्त पहिले दोन तास असतात. दहावीला शिकवणारे सर चारही तास मोकळे आहेत. म्हणजे आठवीसाठी पर्याय १ किंवा २, नववीसाठीही तेच, दहावीसाठी १ ते ४.

आता दोन-दोन वर्गांच्या जोड्या तपासल्या तर काहीच हाती लागत नाही. दहावीला पहिला तास दिला तरी आठवीसाठी दुसरा उरतो आणि नववीसाठीही दुसराच उरतो, म्हणून प्रत्येक जोडी सुटी पाहिली की बिनतक्रार वाटते. तिघांकडे एकत्र पाहिलं की चित्र पालटतं. आठवी आणि नववी मिळून पहिले दोन्ही तास अडवणारच, कोण आधी हे ठरलेलं नसलं तरी! त्यामुळे दहावीचे १ आणि २ हे पर्याय एकही मांडणी करून न पाहता खोडता येतात. वेळापत्रक लावणाऱ्या संगणक प्रणालीला तिन्ही प्रात्यक्षिकांचे तास एका गटात द्यायचे असतात. मिनीझिंक या भाषेत ते असं लिहितात:

```
constraint all_different([p8, p9, p10]);
```

अशा गटातून सगळे अशक्य पर्याय झटपट गाळण्याची पद्धत जाँ-शार्ल रेजँ यांनी १९९४ मध्ये मांडली.

एक पर्याय खोडला की पुढचे आपोआप हलतात. दहावीच्या सरांकडेच नववीचं गणितही आहे आणि ते तिसऱ्याच तासाला बसतंय असं धरू. मग दहावीचं प्रात्यक्षिक चौथ्या तासाला पक्कं झालं. आठवी आधी की नववी, हे मात्र तर्काने ठरत नाही. तिथे एक निवड करून पुढे जायचं आणि कुठे अडलं तर मागे येऊन दुसरी करायची. ज्याच्याकडे पर्याय सर्वांत कमी, त्याच्यापासून सुरुवात केली की चूक लवकर उघडी पडते.

शिक्षक दिवसभर हजर असतील आणि खोल्यांची अडचण नसेल, तर वेळापत्रक लावण्याची खात्रीशीर, वेगवान रीत आहे. पण 'या तासाला मी नाही' अशा अटी आल्या की प्रश्न एनपी-पूर्ण म्हटल्या जाणाऱ्या अवघड प्रश्नांच्या गटात जातो, हे इव्हन, इताई आणि शमीर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये सिद्ध केलं. सगळ्या शाळांना पुरेल अशी झटपट रीत त्यासाठी आजही सापडलेली नाही.

आता सरही पहिल्या दोनच तासांना येऊ लागले तर? तीन प्रात्यक्षिकं, दोन तास, उत्तरच नाही. फक्त जोड्या तपासणारी प्रणाली हे न ओळखता इतर तास लावत-काढत बसू शकते. गट पाहणारी सुरुवातीलाच थांबते. चांगली प्रणाली नुसतं 'अशक्य' म्हणून सोडत नाही, एकमेकांशी भांडणाऱ्या अटींचा लहानात लहान संच काढून देते. इथे त्यात बाईंची वेळ, सरांची वेळ, तिन्ही प्रात्यक्षिकं आणि एकुलती प्रयोगशाळा येते. यातली कुठली अट सैल करायची, ते शाळेने ठरवायचं.