रोबोला पायरी का दिसत नाही: डेप्थ कॅमेऱ्यामागची गोष्ट

मंगळवार पेठेतल्या आमच्या मित्राच्या जुन्या घरात आम्ही गुडघ्याएवढा एक रोबो फिरवतोय, आणि पहिल्याच आठवड्यात तो माजघरातून सोप्यात उतरताना सरळ तोंडावर पडला. पायरी होती फक्त 18 सेंटिमीटरची. प्रत्येक ठिकाणचं अंतर मोजणारा डेप्थ कॅमेरा चालू होता, खुर्चीचा पाय, भिंत, मधे आलेलं मांजर सगळं त्याला बरोबर दिसत होतं, पायरी तेवढी दिसली नाही. का दिसली नाही हे शोधत गेलो तर लक्षात आलं की चूक आमच्या कोडमधे आहेच पण ती चूक करायची सवय बरीच जुनी आहे, म्हणून हे लिहितोय.

घरातल्या रोबोंनी खड्डा ओळखायचं काम आधी कॅमेऱ्याकडे दिलंच नव्हतं. 2002 ला रुंबा हा झाडू मारणारा रोबो आला तेव्हा त्याच्या पोटाखाली पुढच्या कडेला इन्फ्रारेड सेन्सर होते, प्रकाश खाली टाकायचा आणि परत आला नाही की समोर जमीन नाही असं समजून थांबायचं. साधं आणि स्वस्त, पण ते कडेवर पोचल्यावरच कळतं, आणि काळ्या गालिच्यावरून प्रकाश परत येत नाही म्हणून तिथेही रोबो थांबतो. हा काळ्या गालिच्याचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

दुसरीकडे संशोधनातले रोबो लेझर स्कॅनर वापरायचे. तो जमिनीला समांतर एकाच पातळीत फिरतो, म्हणजे खोलीचा एक पातळ आडवा काप मिळतो. नकाशा बनवणं, रस्ता काढणं हे सगळं सॉफ्टवेअर याच कापाभोवती वाढलं. मग नोव्हेंबर 2010 मधे मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट आलं, गेमिंगसाठी, दीडशे डॉलरला, आणि आठवड्याभरात लोकांनी त्याचा ओपन सोर्स ड्रायव्हर काढला, त्यासाठी बक्षीसच लावलं होतं. एका झटक्यात 640 बाय 480 पिक्सेलच्या चित्रात प्रत्येक ठिकाणचं अंतर मिळायला लागलं. पण खरी गंमत पुढे आहे. नेव्हिगेशनचं सॉफ्टवेअर लेझरचं, त्याला काप पाहिजे, म्हणून टर्टलबॉटसारख्या रोबोंवर डेप्थ चित्रातल्या मधल्या काही ओळी घ्यायच्या, प्रत्येक उभ्या रांगेतलं सगळ्यात जवळचं अंतर ठेवायचं आणि ते लेझर म्हणून पुढे द्यायचं असा मार्ग रुळला. `depthimage_to_laserscan` हे पॅकेज आजही नेमकं तेच करतं, आणि आम्हीही तेच लावलं होतं.

आता विचार करा, जवळचं ठेवायचं आणि लांबचं टाकायचं म्हटलं तर खड्डा कुठे जातो? खड्डा म्हणजे अपेक्षेपेक्षा *लांब* आलेलं अंतर. तो पहिल्याच टप्प्यावर फेकला जातो. टर्टलबॉटचं यात अडलं नाही कारण त्याच्या खालच्या गाडीला रुंबासारखे कड ओळखणारे क्लिफ सेन्सर आधीच होते. आमच्या गाडीला नव्हते.

खड्डा दिसायला मुळातच अवघड असतो हे मैदानी रोबोवाल्यांना आधीपासून माहीत होतं, ते याला निगेटिव्ह ऑब्स्टॅकल म्हणतात. समोरची वस्तू दुप्पट लांब गेली की निम्मी दिसते, पण खड्डा दुप्पट लांब गेला की साधारण पाव दिसतो, आणि तो किती दिसणार हे कॅमेऱ्याच्या उंचीवर ठरतं. त्यामुळे अंधारात खड्डा ओळखायला 2003 मधे मॅथीज आणि रँकिन या संशोधकांनी थर्मल कॅमेरा वापरून बघितला, कारण रात्री खड्ड्याचा आतला भाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा गरम राहतो. माणूस दीड मीटरवरून बघतो, आमचा रोबो 25 सेंटिमीटरवरून. बुटक्याची अडचण तिथेच सुरू होते.

आमचं गणित सांगतो. कॅमेरा 25 सेंटिमीटरवर, खाली 20 अंश झुकवलेला, ब्रॅकेट उद्यमनगरातून वाकवून घेतलं. मधल्या ओळीला सपाट फरशी 73 सेंटिमीटरवर यायला पाहिजे, कारण 25 भागिले साइन 20. सोप्याची 18 ची पायरी आली की तीच ओळ 126 दाखवते. एवढा फरक कुठल्याही कॅमेऱ्याला कळतो, फक्त तो विचारायला पाहिजे. क्षितिजाच्या खाली बघणाऱ्या प्रत्येक ओळीला फरशी किती लांब असायला पाहिजे ते आधी काढून ठेवायचं आणि तुलना करायची:

```
zf = h*cos(phi)/sin(tilt+phi)
if z == 0 or z > 1.3*zf:
    danger = True
```

`h` म्हणजे कॅमेऱ्याची उंची, `tilt` म्हणजे झुकाव, `z` म्हणजे मोजलेलं अंतर, आणि `phi` म्हणजे ती ओळ मधल्या ओळीच्या किती खाली आहे तो कोन, दोन्ही कोन रेडियनमधे. 1.3 एवढी सूट कशाला, तर वेग घेतला की रोबो मागे झुकतो, आणि झुकाव एक अंशाने बदलला तरी मधल्या ओळीला पाचेक टक्के आणि वरच्या 10 अंशाच्या ओळीला अकरा टक्के चूक येते.

त्या `z == 0` वर मी सगळ्यात जास्त जोर देईन. बहुतेक ड्रायव्हर अंतर मिळालं नाही की शून्य देतात आणि बहुतेक कोड शून्य आलं की पुढचा पिक्सेल घेतो. सोप्याची पायरी एकच आहे म्हणून 126 तरी मिळालं. त्याच घरातला लाकडी जिना बघा, पायरी 20 उंच आणि 22 रुंद, म्हणजे उतार 42 अंशाचा. आमच्या मधल्या ओळीची नजर 20 अंशानेच खाली जाते, म्हणजे ती एकाही पायरीला न लागता सगळ्या जिन्यावरून उडून समोरच्या भिंतीवर जाते, आणि ती भिंत कॅमेऱ्याच्या पल्ल्याबाहेर असली की शून्य. जिन्याच्या तोंडाशी आम्हाला अर्ध्या चित्रात शून्यच मिळाले होते आणि कोडने ते सगळे सोडून दिले होते. जमीन दिसत नाही म्हणजे जमीन नाही असंच धरायचं.

पण मग कडप्पा नडतो. माजघरात काळा पॉलिश केलेला कडप्पा आहे, त्यावर किनेक्टसारख्या ठिपके टाकणाऱ्या कॅमेऱ्याचे ठिपके आरशासारखे पुढे निघून जातात, परत येत नाहीत, म्हणजे तिथेही शून्य. रुंबाच्या काळ्या गालिच्याचीच ही भावंडं. शिवाय किनेक्टला साधारण अर्ध्या मीटरच्या आतलं दिसत नाही आणि चौकातून ऊन आलं की ठिपके पुसले जातात. आम्ही म्हणून दोन डोळ्यांचा रिअलसेन्स डी435 घेतला, 2018 पासून मिळतो, उन्हात चालतो आणि पूर्ण रिझोल्यूशनला साधारण 28 सेंटिमीटरपासून बघतो. पण त्याची वेगळी खोड आहे. फरशीत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं की तो ते प्रतिबिंबच मोजतो, आणि प्रतिबिंब फरशीच्या *खाली* असतं, त्यामुळे सपाट फरशीत दोन मीटर खोल खड्डा दिसतो.

खरा खड्डा कुठला हे ओळखायला आम्ही रोबोला 20 सेंटिमीटर पुढे सरकवून परत मोजतो. चाकांच्या मोजणीवरून काढलं तर पायरीची कड घरात जिथल्या तिथे राहते, प्रतिबिंबाचा डाग मात्र रोबोबरोबर फरशीवरून सरकतो. सरकला तर डाग. हे करताना वेग सेकंदाला 10 सेंटिमीटरच्या वर नेत नाही, आणि कडेच्या 40 सेंटिमीटर आत आलो असू तर सरकवून बघायचं नाहीच, मागे घ्यायचं. कॅमेऱ्याखालच्या आंधळ्या पट्ट्यासाठी पुढे दोन इन्फ्रारेड क्लिफ सेन्सरही लावले, म्हणजे 2002 ची युक्ती परत पोटाखाली आली.